गाईच्या गळ्यात बटाटा अडकला तर

मलकापूरकडच्या गोठ्यात जनावराचा नेहमीचा चारा म्हणजे कडबा, कुटार आणि सरकीची ढेप. यातले काही घशात अडकण्यासारखे नसते. पण बाजार उठला की भाजीच्या गाळ्यांपाशी दबलेले बटाटे, सडके कांदे आणि नासकी फळे टाकून दिलेली असतात. जनावरे ती खातात, आणि पुष्कळजण टोपलीभर घरीही आणतात. उन्हाळ्यात आमरसाच्या पंगती उठल्या की कोयांचा ढीग उकिरड्यावर पडतो. जळगाव जामोद, संग्रामपूरच्या बाजूला बागेत गळलेली संत्री असतात. फुकटचा चारा म्हणून हे सारे गव्हाणीत पडते, आणि एखाद्या दिवशी चांगली दुभती गाय घास टाकून मान लांब करून उभी राहते.

गळ्यात बटाटा अडकलेले जनावर बहुतेक वेळा वाचवता येते. दगावते ते दोन कारणांनी. एक तर पोटात वायू कोंडतो, किंवा घरचेच लोक घाईने तो बटाटा काठीने खाली ढकलू पाहतात. ही दोन्ही कारणे नीट समजून घेतली म्हणजे अशा वेळी काय करायचे ते आपोआप कळते.

बटाटा अडकतो कसा?

गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने घास ओढते, जुजबी चावते आणि गिळते; नीट चावण्याचे काम नंतर रवंथ करताना होते. गवताला ही रीत चालते. बटाटा मात्र गोल, गुळगुळीत आणि टणक असतो. तो दाढांखालून निसटतो आणि तसाच घशात उतरतो.

घशापासून पोटापर्यंत जाणारी अन्ननलिका मोठ्या गाईत साधारण तीन फूट लांब असते. ती सगळीकडे सारखी रुंद नसते. घशाच्या लगेच मागे, मान छातीत शिरते तिथे, हृदयाच्या वर आणि पोटाच्या तोंडाशी ती अरुंद असते. बटाटा बहुधा यांपैकी एका जागी अडकतो. अडकला की नलिका आवळून त्याला घट्ट धरते. आंब्याची कोय आणखी त्रासदायक, कारण तिच्या कडा आणि धागे आतल्या नाजूक आवरणात रुततात.

खाताना जनावर दचकले तर अडकण्याचा धोका वाढतो. गाय बटाट्याच्या ढिगात किंवा बागेत शिरली की आपण आरडाओरडा करून काठी घेऊन धावतो. ती झटकन मान वर करते आणि तोंडात असेल ते अख्खे गिळते. म्हणून तिला हाकलू नये. हळू जाऊन दावे धरावे आणि बाजूला न्यावे.

खरा धोका पोटातल्या वायूचा

गाईच्या पोटात चारा सतत आंबत असतो. त्यातून तासाला तीस ते पन्नास लिटर वायू तयार होतो. गाय ढेकर देऊन तो बाहेर टाकते, आणि ढेकर येते ती याच अन्ननलिकेतून. नलिका बटाट्याने पुरती बंद झाली की वायूला वाट राहत नाही. पोट फुगते, ते फुप्फुसावर दाबते आणि जनावराला श्वास घेता येत नाही. गळ्यातला बटाटा श्वासनलिका बंद करत नाही, तरी जनावर गुदमरते ते यामुळे.

फळाच्या कडेने थोडी फट राहिली असेल तर वायू निघत राहतो आणि काही तास हाताशी मिळतात. पूर्ण बंद झाली तर तास-दोन तासांतच पोट टम्म होऊ शकते. म्हणून डोळा गळ्यापेक्षा डाव्या भकाळीवर ठेवावा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांमधला हा खळगा भरून आला, ठोकल्यावर ढोलासारखा वाजू लागला, म्हणजे वेळ थोडा उरला.

ओळखावे कसे?

जनावर आत्तापर्यंत खात होते आणि एकदम थांबले, ही पहिली खूण. ते मान पुढे ताणते, रिकामे तोंड हलवते, खोकते, गिळण्याचा प्रयत्न करते. तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, कारण लाळही खाली उतरत नाही. पाणी प्यायले तर ते तोंडावाटे किंवा नाकावाटे परत येते. मानेच्या डाव्या बाजूस, श्वासनलिकेच्या वरच्या अंगाला, हलक्या हाताने चाचपले तर कधी गाठ हाताला लागते. बटाटा छातीत उतरला असेल तर बाहेरून काहीच लागत नाही. म्हणून गाठ नाही तर काही अडकलेही नाही, असे धरू नये.

एक सावधगिरी मात्र विसरू नका. पिसाळलेल्या जनावरालाही गिळता येत नाही आणि त्याचीही लाळ गळते. गळ्यात काही अडकले असेल असे समजून माणसे त्याच्या तोंडात हात घालतात आणि स्वतःच्या जिवाला धोका ओढवून घेतात. जनावराने बटाटा किंवा फळ खाल्ल्याचे कुणी पाहिले नसेल, ते विचित्र आवाजात हंबरत असेल, अंगावर येत असेल, मागचे पाय लटपटत असतील किंवा मागे त्याला कुत्रे चावले असेल, तर तोंडाला हात लावू नका. लाळ हाताला लागली असेल तर हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि माणसांच्या डॉक्टरांनाही लगेच दाखवा. लाळ-खुरकुतातही लाळ गळते, पण तिथे तोंडात आणि खुरांत फोड दिसतात व ताप असतो.

एक उदाहरण

समजा, मलकापूर तालुक्यातल्या एका घरी संध्याकाळी सहा वाजता संकरित गाईपुढे लहान बटाट्यांची पाटी ओतली. पाच मिनिटांत गाय मान ताणून उभी राहिली आणि लाळ गळू लागली. मानेच्या मध्यावर लिंबाएवढी गाठ लागते.

घरच्यांनी आधी गव्हाण रिकामी करावी आणि पाण्याची बादली दूर न्यावी. मग एकाने फोन लावावा, गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या निःशुल्क क्रमांकावर. काय खाल्ले, किती वाजता, भकाळी किती फुगली आणि गाय गाभण आहे का, या चार गोष्टी सांगाव्यात. गाभण असल्यास डॉक्टर औषधे त्याप्रमाणे निवडतात.

मग गाय उतारावर अशी उभी करावी की पुढचे पाय उंचावर येतील. दावे सैल ठेवावे, डोके वर बांधू नये. मान थोडी खाली राहिली म्हणजे लाळ बाहेर गळते, श्वासनलिकेत जात नाही. गर्दी हटवावी, गाईला पळवू नये. ती बसली तर छातीवर बसवून ठेवावी, कुशीवर आडवी होऊ देऊ नये. दर दहा मिनिटांनी भकाळी पाहावी. फुगत चालली तर पुन्हा फोन करून तसे सांगावे. कधीकधी गाय शांत झाली की नलिकेची आवळण सैल होते आणि लाळेच्या ओलाव्याने बटाटा आपसूक खाली सरकतो. मोठी ढेकर येते आणि लाळ थांबते.

तसे झाले नाही आणि डॉक्टर आले, की ते आधी पोट पाहतात. फार फुगले असेल तर डाव्या भकाळीतून जाड सुई किंवा नळी घालून वायू सोडतात. तेवढ्याने जीव बचावतो आणि पुढचे काम सावकाश करता येते. मग नलिका सैल पडण्याचे इंजेक्शन देतात. बटाटा मानेत असेल तर जबडे उघडे राहतील असे साधन तोंडात बसवतात. मदतनीस बाहेरून दोन्ही हातांनी बटाटा खालून वर सरकवतो आणि डॉक्टर घशातून हात घालून तो काढतात. छातीत उतरला असेल तर वंगण लावलेली मऊ नळी घालून, जोर न लावता तो पोटाकडे नेतात. कोय रुतून बसली तर कधी शस्त्रक्रिया करावी लागते. अशा वेळी आपल्या भागातली जनावरे नांदुरा, शेगाव ओलांडून अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत नेता येतात. पण नेण्याआधी पोटातला वायू सोडलेला असला पाहिजे.

काठी, नळी आणि तेल

हेच जर घरच्यांनी बांबू, उसाचे कांडे किंवा पाण्याचा पाइप घशात घालून बटाटा ढकलला असता, तर? आवळलेली अन्ननलिका ओल्या कापडासारखी नाजूक झालेली असते. काठीचे टोक बटाट्याच्या कडेने निसटते आणि नलिकेला भोक पाडते. बटाटा खाली गेला असे वाटते, गाय थोडी शांतही होते. पण त्या भोकातून चारा, पाणी आणि लाळ मानेत किंवा छातीत झिरपते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान सुजते, ताप चढतो. कातडीखाली हात फिरवला तर हवा कुरकुरते. छातीत भोक पडले असेल तर गाय सहसा वाचत नाही.

काही ठिकाणी मानेच्या एका बाजूस फळी धरून दुसरीकडून ठोसा मारतात, म्हणजे आतला बटाटा फुटावा. बटाटा फुटतो की नाही हा भाग वेगळा. मधे सापडलेली नलिका मात्र चेंगरते.

तेल पाजणे हा उपाय सौम्य वाटतो, म्हणून तो सर्रास होतो. पण जे जनावर स्वतःची लाळ गिळू शकत नाही, ते तेल कसे गिळणार? डोके वर ओढून, जीभ धरून नळकांड्याने ढोसलेले तेल बटाट्यावर साचते आणि तिथून श्वासनलिकेत उतरते. बटाटा नंतर निघतोही, पण चार दिवसांनी न्यूमोनियाने गाय जाते. ताक, मिठाचे पाणी, काढा यांचेही तसेच.

निघाल्यानंतर

अडकलेली वस्तू निघाली म्हणजे नलिका लगेच बरी होत नाही. तीन-चार दिवस कोवळे हिरवे गवत आणि भिजवून मऊ केलेला कोंडा द्यावा. कडबा, कोरडे कुटार देऊ नये. खोकला, ताप, मानेची सूज किंवा पुन्हा लाळ दिसली तर डॉक्टरांना कळवावे.

बटाटे द्यायचेच तर ठेचून किंवा बोटाएवढ्या पातळ फोडी करून, कुटारात मिसळून, पसरट गव्हाणीत थोडेथोडे द्यावेत. अर्धा कापलेला बटाटाही अडकतो. हिरवे पडलेले आणि कोंब आलेले बटाटे विषारी असतात, ते खड्ड्यात पुरावेत. आमरस झाला की कोया त्याच दिवशी उचलाव्यात, जनावर पोचेल अशा उकिरड्यावर टाकू नयेत. बटाटे चिरायला घरातला विळा आणि पंधरा मिनिटे पुरतात, आणि गोठ्यातली दुभती गाय त्या एका पाटीपायी जायची टळते.