मुदतवाढीचे पत्र

बांधकाम लांबले की प्रकल्प व्यवस्थापक मालकाला पत्र लिहितो. त्यात उशिराचे कारण आणि नवे वेळापत्रक असते. दोन्ही पटण्यासारखी असायची तर आधी एक गोष्ट तपासावी लागते: थांबलेल्या कामाने शेवटची तारीख खरोखर पुढे ढकलली का?

एका शाळेची दुमजली इमारत 31 मार्चला द्यायची आहे, असे धरू. पावसाने पायाचे खड्डे भरले, काम 18 दिवस थांबले. दिवाळीला गावी गेलेले सेंटरिंगचे कारागीर उशिरा परतल्याने आणखी 6 दिवस गेले. मधल्या काळात मालकाने खिडक्यांचा नकाशा बदलला आणि खिडक्यांची ऑर्डर 10 दिवस उशिरा गेली.

बेरीज 34 होते, पण पत्रात 34 लिहिणे चुकीचे ठरेल. पाया, खांब आणि स्लॅब ही एकामागोमाग चालणारी साखळी आहे; तिच्यात गेलेला दिवस इमारतीचाच जातो. खिडक्यांच्या कामाला मात्र मूळ वेळापत्रकातच 12 दिवसांची सवड होती, त्यामुळे तो उशीर तिथेच जिरला. म्हणून खरा उशीर 24 दिवसांचा. त्यातले 18 पावसाचे. करारात तशी तरतूद असेल आणि ठरलेल्या मुदतीत लेखी सूचना दिलेली असेल, तर त्यांची मुदतवाढ मागता येते. उरलेले 6 दिवस ठेकेदाराचे, आणि पत्रात ते स्वच्छपणे तसेच लिहावेत. ते पावसाच्या खात्यात दडवले, तर साइटवरची रोजची नोंदवही उघडताच उघडे पडतात आणि मग खऱ्या 18 दिवसांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आता भरपाई. स्लॅबच्या वेळेत काटछाट करता येत नाही. साध्या सिमेंटच्या काँक्रीटमध्ये साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान 14 दिवस, तर सहा मीटरपेक्षा लांब तुळईखालचे 21 दिवस ठेवावेत, असे आयएस 456 हे भारतीय मानक सांगते. तोवर त्या खोलीत वीटकाम नीट सुरू होत नाही. म्हणून ‘मजूर वाढवून स्लॅब लवकर उरकू’ असे आश्वासन पत्रात दिसले, तर मालकाने सावध व्हावे. प्लास्टरचे तसे नाही. दोन्ही मजल्यांवर एकाच वेळी दोन टोळ्या लावल्या तर तिथे 8 दिवस वाचतात. 24 मधून 8 गेले, उरले 16. नवी तारीख 16 एप्रिल.

ही तारीख मालकाच्या निर्णयांवरही अवलंबून असते. फरशीचा नमुना 10 डिसेंबरपर्यंत, रंग 15 जानेवारीपर्यंत ठरायला हवा, अशा तारखा पत्रात नावानिशी याव्यात. जादा टोळीचा खर्च कोण सोसणार, तेही त्यातच लिहावे. सोबत जुने आणि नवे वेळापत्रक शेजारीशेजारी जोडावे. मालकाची लेखी संमती येईपर्यंत करारातली 31 मार्च हीच तारीख लागू राहते.