नव्या खुर्चीचं काम कागदावर उतरवताना

भोसरीतला पस्तीस माणसांचा एक कारखाना डोळ्यांसमोर आणा. सीएनसीवर पार्ट बनतात, प्लेटिंगला बाहेर जातात, परत आल्यावर तपासून गिऱ्हाइकाच्या शेड्यूलप्रमाणे रवाना होतात. हा सगळा मेळ आजवर मालकच फोनवर घालत आले. आता त्यांना ऑपरेशन्स कोऑर्डिनेटर हवा आहे. पद नवं, म्हणून जुना कागद नाही. मग एखाद्या मोठ्या कंपनीची जाहिरात उचलली जाते. तिच्यात एमबीए आणि सॅप मागितलेलं असतं. इथे तर टॅली आणि एक्सेलवर भागतं.

त्यापेक्षा मालकांनी दोन आठवडे एक वही जवळ ठेवावी. कोण काय विचारायला आलं आणि आपण काय उत्तर दिलं, एवढंच टिपायचं. त्यातली एक नोंद अशी असेल: ‘प्लेटिंगहून 600 पैकी 400च आले. गाडी थांबवू की सोडू?’

या एका प्रश्नात चार कामं आहेत. उरलेले 200 कुठे अडले ते विचारायचं, चलानची शिल्लक लिहायची, गिऱ्हाइकाला कळवायचं आणि गाडीचं ठरवायचं. म्हणून ‘जॉबवर्कवाल्यांशी समन्वय साधणे’ असं मोघम लिहिण्याऐवजी ‘बाहेर गेलेल्या मालाची चलानवार शिल्लक रोज संध्याकाळी काढणे, आठवड्यापेक्षा जास्त अडकलेल्या मालाचा पाठपुरावा करणे’ असं लिहावं. ही शिल्लक जीएसटीसाठीही लागते, कारण जॉबवर्कला दिलेला कच्चा माल साधारणपणे वर्षाच्या आत परत यावा लागतो.

चौथं काम मात्र अधिकाराचं आहे, आणि बहुतेक कागद तिथेच गप्प बसतात. अर्धा माल पाठवायचा निर्णय या माणसाने एकट्याने घ्यायचा का? जादा टेम्पो किती रुपयांपर्यंत विचारल्याशिवाय मागवायचा? समजा, 3000. तो आकडा लिहायलाच हवा. नाहीतर पगार सुरू होतो आणि फोन मालकांनाच येत राहतात. दोन महिन्यांनी वही पुन्हा उघडली की हे लगेच कळतं.

दुसरी ठिणगी सुपरवायझरपाशी पडते. वीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला कालचा पोरगा ‘आधी हा जॉब लावा’ म्हणाला, की बोलणं बंद होतं. तेव्हा स्पष्ट लिहावं: कुठली ऑर्डर आधी, ते कोऑर्डिनेटर ठरवेल, कुठल्या मशीनवर आणि कुणाच्या हातून, ते सुपरवायझर. सेटिंग मोडून घाईचा जॉब घ्यायचा असेल तर दोघांनी मिळून ठरवायचं, जमलं नाही तरच मालकांकडे जायचं. हा भाग सुपरवायझरला आधी वाचून दाखवावा. माणूस रुजू झाल्यावर दाखवला तर उशीर झालेला असतो.

‘मालक सांगतील ती इतर कामे’ ही ओळ लहान कारखान्यात टाळता येत नाही. फक्त हजेरी, पेटी कॅश, पाहुण्यांचा चहा यांपैकी काय त्यात धरलेलं नाही, तेही खाली लिहावं.