एसी नव्या घरी नेताना गॅसचं काय होतं?

घर बदलताना एसीबद्दल बहुतेक घरांत एकच प्रश्न निघतो: गॅस पुन्हा भरावा लागेल का? काम नीट झालं, तर लागत नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. इनडोअर, आऊटडोअर आणि त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या दोन नळ्या अशा बंद वाटेवर तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. एसी काढताना तो सगळा आऊटडोअरमध्ये ओढून कोंडता येतो. याला पंप डाऊन म्हणतात. मेकॅनिकच्या तोंडी 'गॅस लॉक करणं' हाही शब्द असतो.

माझ्या मावसबहिणीचा दीड टनाचा इन्व्हर्टर एसी गेल्या मे महिन्यात डोंबिवलीहून बदलापूरला गेला. आऊटडोअरवरच्या पट्टीवर गॅसचा प्रकार आर-३२ आणि वजन ८५० ग्रॅम लिहिलं होतं. त्या पट्टीचा फोटो आधीच काढून ठेवावा. पुढे गॅस भरायची वेळ आलीच, तर तेवढाच आकडा कामाचा असतो.

पंप डाऊनसाठी एसी चालू असावा लागतो, कारण गॅस ओढण्याचं काम त्याचाच कॉम्प्रेसर करतो. कॉम्प्रेसर बंद पडलेला असेल तर ही युक्ती चालत नाही. मग वेगळ्या यंत्राने गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यावा लागतो. इन्व्हर्टर एसीत आणखी एक अडचण येते. खोली थंड असली की कॉम्प्रेसर आपोआप हळू होतो किंवा थांबतो, म्हणून मेकॅनिकने रिमोटवर १६ अंश लावून आधी दहा मिनिटं एसी चालू दिला. मग जाड नळीच्या व्हॉल्व्हवर गेज लावला. काटा १२५ पीएसआयच्या आसपास होता.

त्याने अ‍ॅलन कीने बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद केला. आता आऊटडोअरमधून गॅस बाहेर पडायची वाट बंद झाली, पण जाड नळीतून आत येणं चालूच राहिलं. काटा उतरू लागला. शंभर, साठ, तीस. मिनिट-दीड मिनिटात तो शून्याजवळ आला, तसा त्याने जाड नळीचाही व्हॉल्व्ह बंद केला आणि मुलाला ओरडून सांगितलं, "मेन बंद कर!" त्या क्षणी एक माणूस स्विचजवळ हवाच. काटा शून्याखाली जाऊ दिला, तर सैल सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते. आर-३२ पेट घेऊ शकणारा गॅस आहे. कॉम्प्रेसरमध्ये गरम तेल, असा गॅस आणि हवा एकत्र दाबली गेली, तर स्फोट होऊ शकतो. म्हणूनच कॉम्प्रेसर थांबल्याशिवाय नळ्या सोडू नयेत, असा इशारा बसवणीच्या पुस्तिकांत दिलेला असतो. गेज न लावता अंदाजाने 'दोन मिनिटं चालू द्या' म्हणणाऱ्याला मी तरी हे काम देणार नाही.

नळ्या सुटल्याबरोबर त्यांची तोंडं आणि व्हॉल्व्हची तोंडं बंद करायची असतात. हे काम सर्रास राहून जातं. उघडी नळी टेंपोत चार तास पडली की तिच्यात धूळ आणि दमट हवा शिरते, पावसाळ्यात तर जास्तच. आऊटडोअर उभाच न्यावा. आडवा न्यावा लागलाच, तर नव्या घरी काही तास उभा ठेवून मगच चालू करावा, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल खाली परत येतं.

बदलापूरला आऊटडोअर डक्टमध्ये बसणार होता. त्यामुळे जुन्या घरी चार मीटर पुरलेली नळी इथे आठ मीटर लागली. पुस्तिकेत लिहिलं होतं, पाच मीटरपर्यंत जादा गॅस नको, पुढे दर मीटरला २० ग्रॅम. म्हणजे तीन मीटरचे ६० ग्रॅम. मेकॅनिकने सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून तेवढाच गॅस सोडला. त्याआधीचं काम मात्र जास्त महत्त्वाचं होतं.

नळीच्या टोकाला कर्ण्यासारखा फाकवलेला भाग असतो, त्याला फ्लेअर म्हणतात. नट आवळला की हा भाग व्हॉल्व्हच्या तोंडावर घट्ट बसतो. एकदा दाबला गेलेला फ्लेअर दुसऱ्यांदा तितका नीट बसत नाही. म्हणून टोक कापून नवा करायचा, कापताना आलेली धार काढायची आणि ते करताना नळीचं तोंड खाली धरायचं, म्हणजे तांब्याचा कीस आत जात नाही. नट पानं लावून जिवाच्या आकांताने आवळणंही वाईट, कारण फ्लेअरला तडा जातो. एसी बंद असतानाही ३० अंशांना आर-३२ चा दाब सुमारे २६५ पीएसआय असतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या आठपट. केसाएवढी फट त्याला पुरते.

आता नळ्यांत आणि इनडोअरमध्ये नुसती हवा होती. ती काढण्याचा आळशी मार्ग म्हणजे आऊटडोअरमधला थोडा गॅस सोडून तिला बाहेर ढकलणं. यात गॅस वाया जातो आणि ओल आतच राहते. ही ओल कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून आम्ल बनवते आणि ते आम्ल महिनोन्‌महिने कॉम्प्रेसरच्या आतल्या तारांचं आवरण खातं. योग्य मार्ग व्हॅक्यूम पंपाचा. दाब पुरेसा उतरला की नळीतलं पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि पंप ती ओढून घेतो. आमच्याकडे पंप २५ मिनिटं चालला. मग तो बंद करून दहा मिनिटं काटा पाहिला. काटा थोडा वर येऊन थांबला तर आत ओल उरलेली आहे, पंप पुन्हा चालवायचा. तो सरळ शून्याकडे चढत राहिला तर गळती आहे. आमचा काटा हलला नाही. मगच व्हॉल्व्ह उघडले, जादा गॅस सोडला आणि नटांवर साबणाचा फेस लावून पाहिला. बुडबुडा आला नाही.

मेकॅनिक बोलावताना फोनवरच विचारावं: व्हॅक्यूम पंप आणणार का? त्याच्याकडे पंप नसेल तर दुसरा शोधावा.

काम बिघडलंय हे पहिल्या दिवशी बहुधा कळतच नाही. एसी गार हवा देतो, सगळे खूश होतात. सावकाश गळती असेल तर तीन-चार आठवड्यांनी खोली थंड व्हायला वेळ लागू लागतो. तेव्हा आऊटडोअरवरची बारीक नळी पाहावी. तिच्यावर बर्फ साचत असेल तर गॅस कमी झाल्याची शक्यता मोठी. फ्लेअरच्या नटाभोवती तेलकट, धूळ चिकटलेला डाग असेल तर गळतीची जागा बहुतेक तीच. गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं. इनडोअरमधून भिंतीवर पाणी गळत असेल तर मात्र आधी ड्रेन पाइपचा उतार पाहावा. इनडोअरच्या ट्रेमध्ये बाटलीभर पाणी ओतून ते बाहेर पडतं का, ही परीक्षा बसवतानाच घ्यावी. आणि एसी चालूच होत नसेल, पडद्यावर नुसता एरर कोड येत असेल, तर दोन्ही युनिटमधल्या वायरी उलटसुलट जोडल्या गेल्या असण्याची शक्यता असते.

'गॅस कमी झालाय, टॉप-अप करू' असं कोणी म्हणालं, तर आधी गळती कुठे आहे ते दाखवायला सांगावं. तो नट दुरुस्त न करता भरलेला गॅस त्याच फटीतून निघून जातो. दुरुस्तीनंतर उरलेला गॅस काढून, पुन्हा व्हॅक्यूम करून पट्टीवरच्या वजनाइतका गॅस भरून घ्यावा. बदलापूरच्या त्या एसीसाठी तो आकडा ८५० अधिक ६०, म्हणजे ९१० ग्रॅम. मावसबहिणीने तो आऊटडोअरच्या झाकणावर आतल्या बाजूने मार्करने लिहून घेतला आहे.