गॅलरीतले चार सेकंद

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात वडीलधारी मंडळी म्हणतात, "तुम्ही दोघं जरा बोलून घ्या," आणि मुलगा-मुलगी गॅलरीत येतात. तो विचारतो, "लग्नानंतर नाशिकला राहायला जमेल तुम्हाला?" ती खालच्या रस्त्याकडे बघत राहते. त्याला वाटतं, मिनिटभर तरी गेलं असेल. घड्याळ लावून बघितलं असतं, तर जेमतेम चार सेकंद भरले असते.

आपला कान घाईला सरावलेला असतो. जगातल्या दहा भाषांमधली संभाषणं तपासणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्साच जातो, असं त्यात दिसलं. त्या मानाने चार सेकंद म्हणजे वीसपट. शिवाय बोलणं चालू असताना आपलं लक्ष विषयात असतं; ते थांबलं की लक्ष वेळेवर जातं, आणि ज्या वेळेकडे डोळे लावून बसावं ती लांबतेच.

खरी बोच मात्र वेगळी आहे. रोजच्या बोलण्यात होकार चटकन येतो, नकार जरा रेंगाळत येतो. हे आपण नकळत शिकलेलो असतो. त्यामुळे उत्तराला उशीर झाला की मन परस्पर "नाही" ऐकून मोकळं होतं. मग तो घाईघाईने म्हणतो, "म्हणजे, तशी काही सक्ती नाही हां." ती हसून "बरं" म्हणते, आणि विषय तिथेच मिटतो. कदाचित ती आपल्या नोकरीचा, आईच्या तब्येतीचा हिशेब मांडत होती. अशा प्रश्नाला तत्काळ आलेलं "हो" मला तरी जास्त काळजीचं वाटतं.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांत हेच पाहिलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सेकंदभरच थांबत. हीच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली, तेव्हा मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली.

म्हणून प्रश्न विचारून झाला की सावकाश एक श्वास घ्या आणि पूर्ण सोडा. तेवढ्यात चार-पाच सेकंद सहज जातात. त्या वेळात समोरच्या माणसाकडे रोखून बघू नका, पण लक्ष असू द्या. नजर दूर कुठेतरी स्थिरावली असेल, ओठ किंचित हलत असतील, तर विचार चाललाय, आणखी थांबा. नजर सारखी दाराकडे किंवा मोबाइलकडे जात असेल, अंग आखडलं असेल, तर मात्र ताणू नका. "आत्ताच सांगायला हवं असं नाही, नंतर बोलू," म्हणा आणि तिनेच मघाशी काढलेल्या एखाद्या विषयाकडे वळा. पण स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच देऊन टाकू नका.