सीलिंगचे अर्ज आणि घटनेचा गाभा

वर्ध्यापासून यवतमाळपर्यंतच्या कोरडवाहू पट्ट्यात सत्तरीच्या दशकातला ‘सीलिंग’ हा शब्द आजही वयस्क माणसांच्या तोंडी आहे. कुणाची जमीन गेली, कुणाला मिळाली, हे गावोगाव सांगितले जाते. त्या कायद्यावरून नागपूरच्या उच्च न्यायालयात सुरू झालेला वाद पुढे दिल्लीला गेला आणि त्यातून देशाच्या राज्यघटनेबद्दल एक तारीख ठरली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. संसदेला घटना किती बदलता येते आणि तो बदल न्यायालय रद्द करू शकते का, हे नव्याने समजून घेणाऱ्याने या वादापासून सुरुवात करावी, असे मला वाटते.

महाराष्ट्राचा शेतजमीन कमाल धारणा कायदा १९६१ चा. तो २६ जानेवारी १९६२ पासून लागू झाला. १९७५ आणि १९७६ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या आणि मर्यादा बरीच खाली आली. कोरडवाहू जमिनीसाठी ती ५४ एकर झाली, तर बारमाही ओलिताच्या दुपिकी जमिनीसाठी १८ एकर. ही मर्यादा एकट्या माणसाला लावली नव्हती, ती ‘कुटुंब घटका’ला लावली होती. नवरा, बायको, अज्ञान मुलगे आणि अज्ञान अविवाहित मुली मिळून एक घटक, आणि त्यांच्या नावावरची सगळी जमीन एकत्र मोजायची.

समजा, वर्धा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर ५० एकर कोरडवाहू जमीन आहे आणि त्याच्या बायकोला माहेरकडून मिळालेली २० एकर तिच्या नावावर आहे. घरात तीन अज्ञान मुले आहेत. वेगवेगळे पाहिले तर दोघांपैकी कुणीही मर्यादा ओलांडलेली नाही. घटक म्हणून मोजले की जमीन ७० एकर होते आणि १६ एकर अतिरिक्त ठरते. घटनेच्या ३१-अ या अनुच्छेदात एक अट होती. स्वतः कसत असलेली आणि मर्यादेच्या आतली जमीन सरकारला घ्यायची असेल, तर बाजारभावाने भरपाई द्यावी लागे. बायकोची २० एकर तर तिच्यापुरती मर्यादेच्या आतच आहे. मग तिला अतिरिक्त ठरवणारा हा कुटुंब घटक कृत्रिम नाही का? अर्जदारांचा मुख्य मुद्दा हाच होता.

२,६६० पेक्षा जास्त अर्ज उच्च न्यायालयात आले. १३ ऑगस्ट १९७६ रोजी नागपूरच्या खंडपीठाने विठ्ठलराव उत्तरवार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात ते फेटाळले. एक कारण असे की देशात आणीबाणी होती. दुसरे असे की हे कायदे घटनेच्या नवव्या परिशिष्टात टाकलेले होते. १९७७ च्या २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयानेही दत्तात्रय गोविंद महाजन यांच्या अपिलात तेच म्हटले. ३१-अ मधल्या त्या अटीचा भंग होत असला तरी परिशिष्टाची ढाल कायद्याला वाचवते, असा त्याचा अर्थ.

ही ढाल आली १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीतून. जमीनदारी संपवणारे कायदे न्यायालयात अडकू लागले होते. तेव्हा ३१-ब हा अनुच्छेद आणि नववे परिशिष्ट घटनेत घातले गेले. परिशिष्टातला कायदा मूलभूत हक्कांना बाधा आणतो म्हणून रद्द होणार नाही, असे त्यात लिहिले होते. सुरुवातीला त्यात १३ कायदे होते, आता नोंदी २८४ वर गेल्या आहेत. (त्याच वर्षी पवनारहून पायी निघालेल्या विनोबांनी भूदानाची वाट धरली. भूमिहीनाला जमीन मिळावी म्हणून एकीकडे माणसाला विनवले जात होते आणि दुसरीकडे घटनाच बदलली जात होती.) महाराष्ट्राचा मूळ सीलिंग कायदा १९६४ च्या सतराव्या दुरुस्तीने परिशिष्टात गेला, पुढच्या दुरुस्त्या १९७६ च्या चाळिसाव्याने.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्यायला हवा. साधा कायदा मूलभूत हक्काच्या आड आला तर न्यायालय तो रद्द करते. घटनादुरुस्तीची गोष्ट वेगळी असते, कारण ती स्वतःच घटनेचा भाग होते. तिच्यासाठी दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मते लागतात. काही बाबतींत निम्म्या राज्यांची संमतीही लागते. मग घटनेचा भाग झालेली गोष्ट कशाशी ताडून पाहायची?

सतराव्या दुरुस्तीला सज्जनसिंग खटल्यात आव्हान दिले गेले, तेव्हा ती टिकली. पण पाचपैकी दोन न्यायमूर्तींनी शंका नोंदवल्या. एक एम. हिदायतुल्ला, दुसरे जनार्दन रघुनाथ मुधोळकर. दोघांचीही वकिली आणि न्यायदान नागपूरशी जोडलेले. घटनेची जी मूलभूत लक्षणे आहेत त्यांत फेरफार करणे ही दुरुस्ती म्हणायची, की घटनेचा तेवढा भाग नव्याने लिहिणे, असा मुधोळकरांचा सवाल होता. त्यांनी त्याचे उत्तर दिले नाही, प्रश्न मोकळा ठेवला. माझ्या मते पुढच्या सगळ्या चर्चेचे बी या प्रश्नात आहे.

उत्तर आले २४ एप्रिल १९७३ रोजी, केशवानंद भारती खटल्यात. तोही केरळातल्या एका मठाच्या जमिनीवरून सुरू झालेला. १३ न्यायमूर्ती बसले आणि सात विरुद्ध सहा असा निकाल लागला. संसद घटनेचा कोणताही अनुच्छेद बदलू शकते, मूलभूत हक्कांचासुद्धा. मात्र घटनेची मूलभूत चौकट तिला मोडता येणार नाही. चौकटीत काय काय येते याची पक्की यादी न्यायालयाने दिली नाही, ती खटल्यागणिक उलगडत गेली. १९७५ मध्ये पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारे एकोणचाळिसाव्या दुरुस्तीतले कलम याच कारणाने रद्द झाले.

आणीबाणी मार्च १९७७ मध्ये उठली आणि सीलिंगच्या निकालाच्या फेरविचारासाठी अर्ज आले. वामनराव विरुद्ध भारत सरकार या नावाने ते ओळखले जातात. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्यासह पाच न्यायमूर्तींनी ९ मे १९८० रोजी आदेश दिला, कारणे नोव्हेंबरमध्ये सांगितली. आता प्रश्न एकट्या सीलिंग कायद्याचा राहिला नव्हता. ढाल घडवणारी दुरुस्तीच चौकटीला धक्का लावते का, हे पाहायचे होते.

न्यायालयाने रेघ ओढली ती २४ एप्रिल १९७३ वर. त्या दिवसापूर्वी परिशिष्टात गेलेले कायदे पूर्ण सुरक्षित राहिले. नंतर गेलेल्यांना मात्र आव्हान देता येईल, आणि ज्या दुरुस्तीने ते आत गेले ती चौकटीला इजा करते का हे तपासले जाईल. जुन्या निकालांवर विसंबून वाटलेल्या जमिनी आणि झालेले व्यवहार पुन्हा उकरले जाऊ नयेत, हे त्या रेघेमागचे कारण. मला ते पटते. २० वर्षांपूर्वी मिळालेल्या चार एकरांवर घर उभे केलेल्या मजुराला पुन्हा कोर्टात ओढणे अन्यायच झाला असता.

१९७५-७६ च्या दुरुस्त्या तर रेघेच्या अलीकडच्या, म्हणजे तपासणीस पात्र. तरी अर्जदार हरले. कारण जमीन सुधारणेच्या कायद्यांना संरक्षण देणारा ३१-अ हा अनुच्छेद न्यायालयाने वैध ठरवला. विषमता कमी करणारी शेतजमीन सुधारणा घटनेच्या चौकटीला तडा देत नाही, उलट तिला बळ देते, असे न्यायालयाचे म्हणणे. जो कायदा ३१-अ खालीच टिकतो, त्याला परिशिष्टाची गरज उरत नाही आणि त्या ढालीवरचा वादही निरर्थक होतो. चाळिसावी दुरुस्ती मुदत वाढवून घेतलेल्या लोकसभेने केली म्हणून ती अवैध, हाही मुद्दा टिकला नाही. वरच्या उदाहरणातल्या कुटुंबाची १६ एकर या निकालाने वाचली नसती.

शेतकरी चळवळीत नववे परिशिष्ट रद्द करा अशी मागणी अनेक वर्षे होत आली आहे, आणि परिशिष्टातल्या कायद्यांविरुद्ध न्यायालयात जाताच येत नाही असा समज त्यासोबत पसरलेला दिसतो. तो अर्धाच खरा आहे. ११ जानेवारी २००७ रोजी आय. आर. कोएल्हो खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी १९७३ ची रेघ कायम केली. त्यानंतरच्या कायद्याबाबत दोन पायऱ्यांनी पाहावे लागते. मूलभूत हक्कावर प्रत्यक्ष परिणाम किती होतो हे पहिले, आणि त्या परिणामाने चौकट दुखावते का हे दुसरे. सीलिंगचा १९६१ चा मूळ कायदा मात्र १९६४ मध्येच परिशिष्टात गेलेला असल्याने त्याला ही कसोटी लागत नाही. त्यात बदल हवा असेल, तर तो विधिमंडळातूनच करून घ्यावा लागेल.