टार्गेट हुकले, एजन्सी गेली. गोदामातल्या मालाचे काय?

समजा, सांगलीतल्या एका बिस्किट वितरकाचे तिमाही टार्गेट ३० लाखांचे आहे आणि सलग दोन तिमाही विक्री २१ लाखांवरच अडली. ‘कामगिरी असमाधानकारक’ एवढेच लिहून कंपनीने करार संपवला, तर ते पत्र म्हणजे भांडणाला आमंत्रण. नोटिशीत कलमाचा क्रमांक, दोन्ही तिमाहींचे आकडे आणि करार संपण्याची तारीख हवी. कंपनीनेच माल उशिरा पाठवला असेल, तर वितरक नेमके तेच पुढे करणार!

नोटिशीची मुदत मात्र दोघांनाही बांधते. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या खटल्यात ३० दिवसांच्या नोटिशीवर संपवता येणारी एजन्सी लवादाने पुन्हा बहाल केली होती. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. भरपाई मिळाली, तीही फक्त त्या ३० दिवसांची.

खरी कटकट गोदामात. दोन्ही बाजूंची माणसे मिळून माल मोजतात आणि बॅच नंबर, एक्स्पायरी लिहून यादीवर सह्या करतात. माल परत कोणत्या दराने घ्यायचा, हे करारातच असावे. कंपनीने जीएसटीसह क्रेडिट नोट दिली, की वितरकाला तेवढे इनपुट क्रेडिट सोडावे लागते. थकलेले स्कीमचे क्लेम आणि डिपॉझिट याच हिशेबात मिटवलेले बरे.