प्रसाराची मुभा, धर्मांतराची नोटीस

फेब्रुवारी 2025 मध्ये राज्य सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली आणि धर्मांतरविरोधी कायद्याचा वाद महाराष्ट्राच्या उंबरठ्यावर आला. त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांकडून त्यांच्या अशाच कायद्यांना स्थगिती देण्याच्या मागणीवर उत्तर मागितले. चर्चा मात्र बहुतेक वेळा ‘कोण कोणाला बाटवतो’ यावरच अडकते. खरा पेच कायद्यातल्या एका कोरड्या कलमात आहे: धर्म बदलण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे, ते कोणी आणि का?

संविधानाचे कलम 25 सर्व व्यक्तींना, केवळ नागरिकांना नव्हे, सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते. धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा समान हक्क देते. सुरुवातीलाच मर्यादा घातली आहे: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क. त्यातली आचरणाची बाजू तुलनेने सोपी आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भोंगा हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे सांगितले, त्यात धक्कादायक काही नव्हते. ‘प्रसार’ या शब्दावर मात्र तो मसुद्यात असल्यापासूनच भांडण आहे.

6 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत तजम्मुल हुसेन यांनी धर्म ही माणूस आणि निर्माता यांच्यातली खासगी बाब आहे, प्रसाराचा हक्क नको, अशी भूमिका घेतली. लोकनाथ मिश्र यांचाही कडाडून विरोध होता. कन्हैयालाल मुन्शींनी हा शब्द अल्पसंख्याकांशी झालेल्या समझोत्याचा भाग असल्याची आठवण करून दिली. टी. टी. कृष्णम्माचारींचे उत्तर सर्वांत व्यवहारी होते. आपण चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, कोणी बाटवायचा प्रयत्न केला नाही, असे सांगून ते म्हणाले की हाच हक्क हिंदूंना आणि शुद्धी करणाऱ्या आर्यसमाजींनाही मिळणार आहे. शब्द राहिला.

त्याचा अर्थ ठरला तो 1977 मध्ये. मध्य प्रदेशाच्या 1968 च्या कायद्याने बळजबरी, फसवणूक किंवा आमिष दाखवून केलेले धर्मांतर गुन्हा ठरवले होते, आणि धर्मांतराचा विधी करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना तसे कळवणे सक्तीचे केले होते. बलौदाबाजारच्या (आज छत्तीसगढमध्ये) उपविभागीय दंडाधिकाऱ्यांनी फादर स्टॅनिस्लॉस यांच्यावर खटला भरायला परवानगी दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ओडिशाचा 1967 चा कायदा तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केला होता, तर मध्य प्रदेशातल्या न्यायालयाने आपल्या राज्याचा वैध ठरवला होता. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, सरन्यायाधीश ए. एन. रे यांच्या निकालपत्रात, दोन्ही कायदे टिकवले. प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात नाही. तसा हेतुपुरस्सर प्रयत्न समोरच्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर घाला ठरेल, असे न्यायालय म्हणाले.

या निकालावर सर्वांत जळजळीत टीका केली ती मुंबईच्या एच. एम. सीरवाई यांनी. महाराष्ट्राचे महाधिवक्तापद वर्षानुवर्षे सांभाळलेल्या या पारशी विधिज्ञाच्या संविधानावरील ग्रंथाचे खंड आजही वकिलांच्या कपाटात असतात. सीरवाईंचा युक्तिवाद साधा होता. प्रसार केवळ माहिती देण्यासाठी होत नाही. ऐकणाऱ्याला पटावे आणि पटल्यावर त्याने तो धर्म स्वीकारावा, हाच त्याचा हेतू असतो. दुसऱ्याला पटवल्याने त्याच्या बुद्धीचे स्वातंत्र्य हिरावले जात नाही. निवडायला आणखी एक पर्याय मिळतो. बळजबरीला बंदी हवीच, पण त्यासाठी पटवण्याच्या हक्कालाच कात्री लावायची गरज नव्हती. शिवाय संविधान सभेतली चर्चा न्यायालयाने विचारातच घेतली नाही, याचा त्यांना राग होता. प्रस्तुत लेखकाला सीरवाई पटतात. तरीही 1977 चा निकाल अजून कायम आहे, आणि परीक्षेत तोच लिहावा लागेल.

अकरावी-बारावीच्या वर्गात काही प्रसंग मांडून पाहावेत. तालुक्याच्या आठवडी बाजारात एक गट धर्मग्रंथाच्या प्रती फुकट वाटतो, ‘वाचून बघा’ म्हणतो. दुकानदार तक्रार करतो. 1968 च्या कायद्यात आमिषाच्या व्याख्येत रोख किंवा वस्तुरूप भेट येते. मग पुस्तक हे आमिष झाले का? इथे विद्यार्थ्यांनी विचारायचे ते असे: पुस्तक हाच संदेश आहे, की संदेश स्वीकारण्याची ती किंमत आहे? त्याच गटाच्या दवाखान्यात ‘आमच्यात आलात तर फी माफ’ असे सांगितले, तर उत्तर बदलते. गरज आणि धर्म यांचा सौदा झाला. फी सर्वांनाच माफ असेल आणि भिंतीवर प्रार्थना लावलेली असेल, तर सौदा दिसत नाही.

दुसरा प्रसंग. प्रचारक म्हणतो, मार्ग बदला, नाहीतर नरक ठरलेला. त्या जुन्या कायद्यांत ‘बळ’ या शब्दात दैवी कोपाची भीती घालणेही मोडते. यमयातनांचे वर्णन न करणारा कीर्तनकार शोधून सापडायचा नाही. पण कायदा जागा होतो तो ऐकणाऱ्याचा धर्म बदलला किंवा तसा प्रयत्न झाला तरच. म्हणजे तेच वाक्य, तीच भीती; ऐकणाऱ्याला आपल्याच धर्मात राखण्यासाठी असेल तर प्रवचन, दुसरीकडे नेण्यासाठी असेल तर पुरावा.

आता नोटीस. 1968 मध्ये कळवायचे ते विधी करणाऱ्याने. उत्तर प्रदेशच्या 2021 च्या कायद्यात धर्म बदलू पाहणाऱ्या व्यक्तीनेच साठ दिवस आधी घोषणापत्र द्यायचे, विधी करणाऱ्याने महिनाभर आधी वेगळी नोटीस द्यायची, मग पोलीस हेतूची चौकशी करतात. धर्मांतरानंतर पुन्हा घोषणापत्र, आणि ते पक्के होईपर्यंत सूचना फलकावर. समजा, बावीस वर्षांच्या मुलीने वर्षभर वाचून, कोणाच्याही सांगण्याशिवाय धर्म बदलायचे ठरवले. तिच्यावर बळजबरी झालेली नाही, तरी तिचे नाव घरच्यांना, गावाला कळते. संरक्षण ज्या व्यक्तीचे करायचे तीच उघडी पडते. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने 2012 मध्ये तिथली तीस दिवसांच्या नोटिशीची तरतूद याच कारणाने रद्द केली. 2019 च्या नव्या कायद्यात ती परत आली. सरकारची बाजू अशी की आधी कळले नाही तर दबाव झाला की नाही हे तपासायचे कसे? मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण सगळ्यांवर नजर ठेवण्याऐवजी तक्रार आल्यावर तपास करणे हा कमी आक्रमक मार्ग उपलब्ध आहे, आणि 2017 च्या खासगीपणाच्या निकालानंतर न्यायालयाला तो तोलावाच लागेल. शिवाय उत्तर प्रदेशात लगतच्या पूर्वीच्या धर्मात परतणे हे धर्मांतरच मानलेले नाही. कृष्णम्माचारींनी सगळ्यांना सारखा सांगितलेला हक्क इथे एका दिशेला सैल आणि दुसरीकडे आवळलेला आहे.

शेवटचा प्रसंग कल्पित नाही. डॉ. आंबेडकरांनी 1935 मध्ये येवल्याला धर्मांतराचा निर्धार जाहीर केला, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात भिक्खू चंद्रमणींकडून दीक्षा घेऊन, मग स्वतः लाखो अनुयायांना दीक्षा दिली. मधली वीस-एकवीस वर्षे ते सभांतून, लेखांतून लोकांना उघडपणे पटवत होते. विद्यार्थ्यांनी आजच्या उत्तर प्रदेशाचा कायदा तेव्हाच्या नागपूरला लावून पाहावा. चंद्रमणींनी किती दिवस आधी कळवायचे? बाबासाहेब एकाच दिवशी धर्म बदलणारे आणि बदलवणारे, तर त्यांची घोषणापत्रे किती? मैदानावरच्या प्रत्येकाच्या हेतूची चौकशी कोणत्या पोलीस ठाण्याने करायची? आणि त्या एकवीस वर्षांतली भाषणे रे यांच्या व्याख्येत ‘समजावणे’ ठरतील, की ‘हेतुपुरस्सर प्रयत्न’?